पुसलेला फळा

"मॅडम, मी परदेशात एमएससीसाठी आणि सोबत शिष्यवृत्तीसाठी अर्ज करतोय. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. हॉस्टेलवरची सगळी पोरं निबंध चॅटजीपीटीतून पॉलिश करून घेतायत. मी नाही केलं तर त्यांच्यापुढे माझा निबंध गावठी दिसेल, आणि केलं तर पकडला जाईन. समितीला हे कळतं का? काय करू?"

पुष्कळदा कळत नाही, आणि कळावं म्हणून कुणी भिंग घेऊनही बसत नाही. निबंध वाचणाऱ्याकडे एका अर्जाला पाच-सात मिनिटं असतात. तेवढ्या वेळात या मुलाबद्दल गुणपत्रिकेत नसलेलं काही हाताला लागतं का, एवढंच तो बघतो. पॉलिश केलेल्या निबंधाचा घोळ इथे होतो. त्यात हाताला काही लागत नाही. तू पकडला जाण्याची काळजी करतोयस, पण माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक मुलांचं नुकसान पकडलं न गेल्यामुळेच झालं. निबंध गुपचूप वाचला गेला, मधल्या ढिगात ठेवला गेला, आणि विषय संपला.

एका मुलीचं सांगते. तिला अश्विनी म्हणू या, खरं नाव वेगळं आहे आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. मंगळवेढ्याकडची. शेती अभियांत्रिकीची पदवी, नंतर दोन वर्षं एका संस्थेत पाण्याचं काम. जलव्यवस्थापनात एमएससी करायची होती. पहिल्या वर्षी एका मोठ्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आणि मुलाखतीपर्यंतही पोचली नाही. ती कुठली शिष्यवृत्ती होती ते इथे महत्त्वाचं नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या सोलापूरच्या ऑफिसात आली तेव्हा तिच्या हातात तो नाकारलेला निबंध होता. पाचशे शब्दांची मर्यादा, निबंध चारशे अठ्ठ्याण्णव शब्दांचा. व्याकरणाची एक चूक नाही.

मी तो दोनदा वाचला आणि तिला विचारलं, "अगं, तू दोन वर्षं नेमकं केलंस काय?"

"मॅडम, लिहिलंय की."

लिहिलं होतं खरं. इंग्रजीतलं ते वाक्य मराठीत सांगायचं तर असं: 'भागधारकांच्या गुंतागुंतीच्या संबंधांतून वाट काढत, नावीन्यपूर्ण सहभागी संवादाच्या माध्यमातून मी समाजात विश्वास निर्माण केला.' मी म्हटलं, हे वाक्य मला आईला सांगतेस तसं सांग. ती जरा हसली, मग सांगायला लागली.

तिच्याकडे एका गावातल्या 31 विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजायचं काम होतं. टेपला वजन बांधून सोडायचं, पाण्याला टेकलं की फूट वाचायचे. म्हातारी माणसं खोली अजून परस या जुन्या मापात सांगायची, त्याचे ती फूट करून लिहायची. आकडे लोकांना दिसावेत म्हणून तिने ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळा रंग दिलेला चौकोन करून घेतला आणि विहीरमालकाच्या नावापुढे पातळी लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर फळा ओल्या फडक्याने पुसलेला. तिने परत लिहिलं. परत पुसला. तिसऱ्या वेळी तिच्या चुलत्यांनीच तिला गाठलं. "काय लिवलंयस फळ्यावर? रविवारी पाव्हणं यायची हायती. हीर कोरडी दिसली तर सोयरीक हुईल का?"

विहीर कोरडी असलेल्या घरात मुलाच्या लग्नाची बोलणी चालू होती. आणि जिच्यात एप्रिलमध्येही पाणी होतं, त्या घरी शेजारी पाइप टाकू का म्हणून विचारायला लागले होते. दोघांनाही आकडा चारचौघांत नको होता. नऊ जणांनी विहिरीवर यायलाच बंदी केली. मग अश्विनीने नावं काढली. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरी एकत्र, खालच्या अंगाच्या एकत्र, फळ्यावर फक्त दोन सरासऱ्या. ज्याचा आकडा त्याला चिठ्ठीवर लिहून घरपोच. नवातले सहा परत आले. तिघे आजतागायत आलेले नाहीत.

मी विचारलं, हे निबंधात का नाही? तर म्हणाली, "होतं ना मॅडम, पहिल्या मसुद्यात थोडं होतं. इंग्रजी अगदीच शाळकरी वाटत होतं म्हणून पॉलिश केलं."

तिने तो पहिला मसुदा मेलमधून शोधून काढला. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मी तिच्या हातात पेन दिलं. म्हटलं, पहिल्यातल्या ज्या गोष्टी डोळ्यांना दिसतात त्यांच्याखाली रेघ मार. माणसं, वस्तू, आकडे, ठिकाणं, कुणी उच्चारलेलं वाक्य. फळा, ओलं फडकं, 31 विहिरी, चुलते, सोयरीक, ओढा, चिठ्ठी. मग यातल्या किती दुसऱ्यात उरल्या ते बघ. उरला होता एक आकडा, 31, आणि तोही 'तीसहून अधिक जलस्रोत' होऊन. फळ्याचं झालं होतं 'संवादाचं माध्यम'. पुसणाऱ्या माणसाचा झाला होता 'प्रारंभिक विरोध'. आणि न आलेले तिघे तर गायबच झाले होते, कारण गोड शेवटात ते बसत नव्हते. खरं तर तोच निबंधातला सगळ्यात कामाचा भाग होता. आपलं काम पुरतं जमलं नाही हे जिला ठाऊक आहे आणि कितपत जमलं नाही हे जी मोजून सांगू शकते, तिला शिकायला पाठवावं असं समितीला वाटतं.

असं का होतं हे समजायला फार तंत्रज्ञान लागत नाही. चॅटजीपीटीसारखी ही यंत्रं पुढचा शब्द निवडताना त्या जागी सहसा काय येतं याच्या अंदाजावर चालतात. 'अधिक परिणामकारक कर' म्हटलं की ती निबंधाला अशा निबंधांच्या सरासरीकडे ओढतात. ओलं फडकं सरासरीत येत नाही. 'आव्हानांचा सामना' येतो. आणि हजार मुलांनी तीच सूचना दिली की हजार निबंध एकाच जागी येऊन थांबतात. 2024 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी खऱ्या अर्जदारांचे आणि यंत्राने लिहिलेले निबंध ताडून बघितले. यंत्राचे निबंध सुखवस्तू घरांतल्या मुलग्यांच्या निबंधांशी जास्त जुळणारे निघाले. मंगळवेढ्याच्या मुलीने आपला आवाज गुळगुळीत करून घ्यायचा आणि तो भलत्याच कुणाचा व्हायचा, असा हा सौदा आहे.

आता टेबलाच्या पलीकडची बाजू. आमच्या भागातल्या एका छोट्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी मी काही वर्षं निबंध वाचते आहे. एक पान, मराठीत किंवा इंग्रजीत. प्रत्येक निबंध दोघं जण वेगवेगळे वाचतात आणि वीसपैकी गुण देतात. एकसुरीपणा आम्हाला नवा नाही. पूर्वी निम्मे निबंध 'लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड' असे सुरू व्हायचे आणि कलामसाहेबांच्या एखाद्या वाक्याने संपायचे. सीनियरचा निबंध घेऊन गावाचं नाव बदललेले तर कितीतरी. पण तेव्हा चुकांमधून तरी माणूस डोकवायचा. आता मराठी निबंधांतही 'हा केवळ प्रकल्प नव्हता, तर एक प्रवास होता' हे वाक्य एका दुपारी मला चार जणांकडून वाचायला मिळतं. 'लवचिकता', 'समग्र', 'सक्षमीकरण' हे शब्द बारावीची मुलं आपसांत कधी बोलतात का? तरी मी अशा निबंधांवर 'यंत्राचा' असा शेरा मारत नाही. पुरावा नसतो, आणि एखादं पोर खरोखर तसं लिहिणारं असू शकतं. मी बारा देते. दुसरे वाचक, निवृत्त मुख्याध्यापक आहेत, तेही बारा किंवा तेरा देतात. पूर्वी आमच्या गुणांत पाच-सहाचा फरक पडायचा, त्यावर वाद व्हायचे, आणि त्या वादातून कुणीतरी वर यायचं. आता वाद घालावा असं निबंधात काही नसतं.

निबंधातून निवड होईना म्हणून ट्रस्टने निबंधाचे गुण कमी केले आणि मुलाखत लांबवली. मोठ्या ठिकाणीही असंच काहीसं चाललं आहे. अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ अर्जातल्या निबंधाला आकड्यात गुण द्यायचं. 2024 मध्ये त्यांनी ते बंद केल्याचं जाहीर झालं. यंत्राची मदत आणि पैसे घेऊन निबंध घडवणारे सल्लागार यांमुळे निबंध हा त्या मुलाच्या लेखनकौशल्याचा नमुना आहे असं आता धरून चालता येत नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. निबंध वाचतात, माणूस समजून घ्यायला वाचतात, पण आकडा देत नाहीत. माझ्यासारखीला यातली खटकणारी गोष्ट ही, की निबंधाचं वजन घटलं की ते गुण, शाळेचं नाव आणि शिफारसपत्रं यांच्याकडे सरकतं. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला स्वतःहून काही सांगता येईल अशी निबंध हीच एक जागा होती. म्हणून ती फुकट घालवू नकोस म्हणते.

पकडलं जाण्याची तुला भीती आहे, म्हणून यंत्राचा मजकूर ओळखू पाहणाऱ्या डिटेक्टरांवर थोडं सविस्तर बोलते, कारण या भीतीपायी मुलं भलतंच काही करतात. ही साधनं मजकूर किती अपेक्षित आहे ते मोजतात. पुढचा शब्द सहज ओळखता आला की मजकूर यंत्राचा असावा असं धरतात. पण इंग्रजी ही दुसरी-तिसरी भाषा असलेला माणूसही जपून, ठरावीक शब्दांतच लिहितो. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी माणसांनी स्वतः लिहिलेले 91 निबंध सात डिटेक्टरांना दिले. सरासरी 61 टक्के निबंध यंत्राचे म्हणून ठरवले गेले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. पुढची गंमत अशी, की त्याच टोफेल निबंधांतली शब्दसंपत्ती चॅटजीपीटीकडून वाढवून घेतल्यावर खोटा ठपका बराच कमी झाला. म्हणजे स्वतः लिहिलं तर ठपका आणि यंत्राकडून सजवलं तर सुटका! चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जुलैमध्ये कमी अचूकतेचं कारण देऊन काढून घेतला.

अश्विनीने हेच केलं होतं. पहिला मसुदा तिने फुकटच्या एका डिटेक्टरमध्ये टाकला, '78 टक्के एआय' असं आलं, आणि घाबरून तिने आणखी पॉलिश केलं. जो निबंध तिने स्वतः लिहिला होता तोच तिने त्या लाल आकड्याच्या भीतीने फेकून दिला. तू निबंध तिथे टाकू नकोस. टाकलास तरी त्या आकड्यावरून एक शब्दही बदलू नकोस. त्यापेक्षा मसुद्यांचा इतिहास जपून ठेव. गूगल डॉक्समध्ये लिहिलंस तर कुठल्या दिवशी काय लिहिलं, काय खोडलं ते सगळं आपोआप राहतं. उद्या कुणी शंका घेतली तर तेच दाखवता येतं. वहीत लिहीत असशील तर पानं फाडू नकोस.

आणि नियम वाच. हे मी शेवटी सांगायला हवं होतं असं नाही, खरं तर पहिल्याच बैठकीत मी मुलांना हेच करायला लावते, कारण एके ठिकाणी चालणारी गोष्ट दुसऱ्या ठिकाणी फसवणूक ठरते. अमेरिकेतल्या पदवी प्रवेशांसाठी जो कॉमन अ‍ॅप वापरतात, त्याच्या फसवणुकीच्या धोरणात यंत्राने तयार केलेला ठोस मजकूर स्वतःचा म्हणून देणं धरलेलं आहे. ब्राउन विद्यापीठ शुद्धलेखन आणि व्याकरण तपासण्यापलीकडे काही चालवून घेत नाही. कॅल्टेक विद्यापीठाच्या सूचना मला सगळ्यांत उपयोगी वाटतात, कारण त्या उदाहरणं देऊन सांगतात. व्याकरण तपासलं तर चालेल. निबंधाचा आराखडा किंवा मसुदा यंत्राकडून घेणं चालणार नाही. आणि दुसऱ्या भाषेत लिहिलेला निबंध त्याच्याकडून भाषांतरित करून घेणंही चालणार नाही. हे शेवटचं आपल्या मुलांनी दोनदा वाचावं. 'मी मराठीत स्वतः लिहिलं, फक्त इंग्रजी यंत्राने केलं, यात काय चूक?' असं मला दर सीझनला कुणीतरी विचारतं. प्रामाणिकपणेच विचारतं. पण तिथे ती चूक आहे. तुझ्या एमएससीच्या विभागाचा आणि शिष्यवृत्तीचा नियम वेगवेगळा असू शकतो. दोन्ही पानं शोध, अर्जाच्या शेवटी कशावर टिक करायची आहे तेही आधीच वाच. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे सीनियरने सांगितलेलं धरून बसू नकोस.

अश्विनीला अर्ज करायचा होता तिथे व्याकरणतपासणीला मुभा होती, मजकूर घडवून घ्यायला नव्हती. मग आम्ही असं केलं. तिने फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि फळ्याची गोष्ट मराठीत, तिच्या मंगळवेढ्याच्या मराठीत, मला सांगितली. वीसेक मिनिटं. मी मधेमधे फक्त 'मग?' आणि 'किती?' एवढंच विचारत होते. घरी जाऊन तिने ते ऐकलं आणि त्यावरून थेट इंग्रजीत लिहिलं, भाषांतर न करता. सांगताना जिथे ती थांबली होती, हसली होती, तिथे परिच्छेद पाडला. वाक्यं छोटी आली. मी ती तशीच ठेवायला सांगितली. पाणीपातळी मोजणाऱ्या मुलीकडून कुणी अलंकारिक इंग्रजीची अपेक्षा करत नाही. अर्थ एका वाचनात कळतो का, एवढं पुरे.

मग व्याकरण. इथे मी हटवादी आहे. सगळा निबंध यंत्राला देऊन 'दुरुस्त कर' म्हणायचं नाही. तपासणीचं साधन एकेक चूक दाखवतं तेवढीच बघायची आणि एकेक स्वीकारायची किंवा सोडायची. तिच्या निबंधात चुका होत्या त्या आपल्या सगळ्यांच्याच असतात: 'अ' आणि 'द' कुठे लावायचं, शब्दयोगी 'इन' आणि 'ऑन', काळाची गडबड. त्या सगळ्या दुरुस्त केल्या. पण 'कुणीतरी ओल्या फडक्याने फळा पुसला' या वाक्याखाली निळी रेघ आली आणि सुचवलेलं होतं 'आय एन्काउंटर्ड रेझिस्टन्स'. तिचं बोट स्वीकारायच्या बटणाकडे गेलेलं मी पाहिलं. मी म्हटलं, तुला विरोध दिसला होता की फडकं? तिने ते सोडलं. चूक दुरुस्त करणं वेगळं आणि शब्द बदलून देणं वेगळं, हे तिला त्या एका वाक्यावर कळलं. पुढचं तिने माझ्याशिवाय केलं.

सोयरीक हा शब्द कसा लिहायचा यावर आमचा अर्धा तास गेला. तिला वाटत होतं की परदेशी वाचकाला कळणार नाही, काढून टाकू. मला वाटत होतं की तोच ठेवायचा. शेवटी मूळ शब्द काढला आणि साध्या इंग्रजीत एक वाक्य लिहिलं, की त्या घरात लग्नाची बोलणी चालू होती आणि कोरडी विहीर म्हणजे कमी पत. मला अजूनही वाटतं शब्द राहिला असता तर बरं झालं असतं. पण निबंध तिचा.

यातून सुटलो असं वाटत असतानाच दुसरंच काही समोर आलं. शिफारसपत्र. आपल्याकडे साहेब नेहमी काय म्हणतात? 'तूच लिहून आण, मी सही करतो.' तिच्या संस्थेतल्या साहेबांनी तेच केलं होतं, आणि पहिल्या वर्षी तिने पत्रही त्याच साधनातून काढलं होतं. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. 'नावीन्यपूर्ण सहभागी संवाद' हा शब्दप्रयोग निबंधात आणि साहेबांच्या पत्रात तसाच्या तसा. निबंधाचा एकसुरीपणा वाचक एक वेळ सोडून देईल, पण उमेदवार आणि वरिष्ठ एकाच तोंडाने बोलायला लागले की पत्राचीही किंमत जाते आणि निबंधाचीही. त्या वर्षी तिला का नाकारलं हे कुणी कळवलं नाही, त्यामुळे याच कारणाने नाकारलं असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या वर्षी मी साहेबांना फोन केला. म्हटलं, सर, पत्र तुम्हीच लिहा, इंग्रजी कसंही असू द्या, फळ्याचं तुम्हाला काय आठवतं तेवढं सांगा. त्यांनी अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. त्यात होतं की नावं काढायची कल्पना त्यांना आधी पटली नव्हती, कारण संस्थेच्या अहवालात मालकनिहाय आकडे लागत होते, आणि या मुलीने त्यांच्याशी दोन वेळा वाद घातला. अश्विनीने निबंधात हे लिहिलंच नव्हतं! साहेबांविरुद्ध बोलल्यासारखं होईल म्हणून.

पाठवण्याआधी मी तिची एक परीक्षा घेतली, तीच तू स्वतःची घे. निबंधातलं कुठलंही वाक्य घ्यायचं आणि त्यावर लागोपाठ तीन प्रश्न विचारायचे. 'नऊ जणांनी बंदी केली.' कोण नऊ? कसं सांगितलं त्यांनी? तू त्या दिवशी काय केलंस? उत्तर कागदाकडे न बघता आलं तर वाक्य राहील. आमच्या ट्रस्टच्या मुलाखतीत एका मुलाला मी विचारलं होतं, "निबंधात लिहिलंयस की तू गावाला संघटित केलंस. पहिल्या दिवशी किती जण आले?" तो गप्प झाला. घाम फुटला त्याला. नंतर त्याच्या सरांकडून कळलं की दुष्काळात टँकर आला की रांग लावायचं काम तो पोरगा खरंच रोज पहाटे करत होता. त्याचं काम खरं होतं, पण 'संघटित केलं' हे वाक्य त्याचं नव्हतं. त्यामुळे त्या वाक्यावरचा प्रश्न आपल्या टँकरबद्दल आहे हे त्याला समजलंच नाही. आम्ही त्याला गुण देऊ शकलो नाही. ते मला अजून लागतं.

अश्विनीला दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. ऑनलाइन, अर्धा तास. ती सांगते की त्यातला निम्मा वेळ फळ्यावरच गेला. सरासरीने कोरड्या विहिरी लपल्या नाहीत का, असं एका बाईंनी विचारलं. लपल्या, ती म्हणाली, आणि म्हणूनच मला हे शिकायचंय, की माणसाचं नाव न दाखवता आकडा कसा दाखवायचा. भूजलाच्या मॉडेलिंगवरचा एक प्रश्न तिला अजिबात आला नाही, तिने तसं सांगितलं. निकालात ती राखीव यादीत लागली आणि जूनअखेर तिचा नंबर आला. फीपुरतीच मदत मिळाली, राहण्याचा खर्च बँकेच्या कर्जातून.

तुझ्याबद्दल मला अजून एवढंच माहीत आहे की तुझं इंग्रजी कामापुरतं आहे आणि हॉस्टेलवरची पोरं काय करतात. पॉलिश करण्याआधीचा तुझा मसुदा कुठे असेल तर तो मला पाठव. नसेल तर फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि गेल्या दोन वर्षांतला असा एक दिवस सांग, की ज्या दिवशी तुझं काहीतरी फसलं होतं. मराठीतच सांग.